पडद्याचा पंचनामा करा!

घरात चोरी झाली की पोलीस पंचनामा करतात. कडी कुठून उचकटली, कपाटाचे कोणते दार उघडे होते, चोर कोणत्या खिडकीने पळाला, हे सगळे पंचांसमक्ष कागदावर येते. मग चोरी मोबाइलच्या पडद्यावर झाली आणि ती होत असतानाचे पडद्याचे रेकॉर्डिंग खुद्द फिर्यादीच्या हातात असले, तर त्या पडद्याचा पंचनामा का होत नाही? पुरावा हातात घेऊन आलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचे, त्याची चित्रफीत उघडायचीसुद्धा नाही आणि शेवटी कागदावर एकच ओळ लिहायची: ‘फिर्यादीने स्वतः पिन टाकून रक्कम पाठविली.’ या एका ओळीने महाराष्ट्रातल्या किती तक्रारी जन्मतःच मारल्या असतील! ती ओळ खोटी नसते, म्हणून तर ती अधिक घातक. घडलेल्या पंचवीस गोष्टींपैकी चोवीस गाळून ती फक्त शेवटची सांगते.

त्या चोवीस गोष्टी रेकॉर्डिंगमधून एकेक करून कशा काढायच्या, हे आज आम्ही सविस्तर सांगणार आहोत. पोलिसांना ते येत नसेल तर त्यांनी शिकावे. येत असूनही करत नसतील, तर त्यांना ते करायला भाग पाडावे लागेल.

नमुन्याला एक प्रकरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. या धाटणीच्या फसवणुका जशा घडतात, तसे आम्ही ते जुळवून मांडले आहे. पिंपरीत डबे पुरवणाऱ्या एक बाई आहेत. ऑर्डर देऊन नंतर नाकारणारे लोक भेटल्यामुळे मोठ्या ऑर्डरचे बोलणे सुरू झाले की फोनचे स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायचे, असे त्यांच्या मुलीने त्यांना शिकवून ठेवलेले. एका दुपारी फोन येतो. चाळीस डबे हवेत, तीन हजार रुपये आगाऊ पाठवतो, नंबर सांगा. थोड्या वेळाने एसएमएस येतो, खात्यात ३०,००० रुपये जमा. पलीकडचा माणूस घाबऱ्या आवाजात म्हणतो, ‘ताई, घोटाळा झाला, एक शून्य जास्त पडले. आई दवाखान्यात आहे, ते पैसे तिच्या औषधाचे होते. तुमचे तीन हजार ठेवा, बाकीचे सत्तावीस परत करा.’ बाई आधी १५,००० आणि मग १२,००० रुपये परत करतात. परत करतात, हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. खात्यात एक पैसाही आलेला नसतो. जमा झाल्याचा तो एसएमएस बँकेचा नसून त्या भामट्यानेच टाईप केलेला असतो.

आता रेकॉर्डिंग उघडू. लांबी ११ मिनिटे ४० सेकंद. ते मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर अंगठ्याने पुढेमागे सरकवून वाचता येत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून तिची प्रत संगणकावर घ्यावी आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावावी. तिथे चित्र थांबवून कीबोर्डवरचे E दाबत गेले की चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकते. वरून डोकावणारी एसएमएसची पट्टी जेमतेम चार-पाच सेकंद दिसते. नेहमीच्या वेगाने पाहणाऱ्याच्या ती नजरेतून निसटते, आणि सगळ्यात मोठा पुरावा पुष्कळदा तिच्यातच असतो.

पहिले काम घड्याळ लावण्याचे. फोनच्या वरच्या पट्टीत तास आणि मिनिटे दिसतात, सेकंद दिसत नाहीत. बँकेच्या नोंदी मात्र सेकंदाच्या हिशेबाने असतात. म्हणून पट्टीतला आकडा बदलतो तो क्षण शोधायचा. आपल्या चित्रफितीत ० मिनिटे ३८ सेकंदांवर १:१२ चे १:१३ होते. म्हणजे चित्रफितीतले ०:३८ म्हणजे दुपारचे १ वाजून १३ मिनिटे ० सेकंद. एवढी एक खुंटी पक्की रोवली की पुढच्या प्रत्येक घटनेची खरी वेळ साध्या बेरजेने निघते. शेवटाकडे असाच आणखी एक मिनिट-बदल पाहून हिशेब जुळतो का ते ताडून घ्यावे. न जुळल्यास चित्रफीत मध्येच तुटली असेल किंवा एखाद्या अ‍ॅपमधून काढताना तिचे रूपांतर झाले असेल. तसे असेल तर ते लिहून ठेवावे, लपवू नये.

मग यादी. पहिल्या रकान्यात चित्रफितीतली वेळ, दुसऱ्यात घड्याळातली, तिसऱ्यात पडद्यावर काय दिसते ते अक्षरशः, आणि चौथ्यात त्याला दुजोरा देणारा दुसरा पुरावा. तिसऱ्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसते तेच जाईल, ही अट कडक पाळायची. ‘भामट्याने मला पटवले’ हे पडद्यावर दिसत नाही. ‘मी घाबरले होते’ हेही दिसत नाही. या गोष्टी खऱ्या आहेत, त्या जबाबात सांगायच्याच, पण वेगळ्या कागदावर ‘मला आठवते त्याप्रमाणे’ या मथळ्याखाली. दिसलेले आणि आठवलेले एकत्र कालवले की समोरचा वकील एका चुकलेल्या आठवणीच्या जोरावर सगळी यादी उधळून लावतो.

आपल्या प्रकरणात २:०५ ला, म्हणजे १ वाजून १४ मिनिटे २७ सेकंदांनी, एसएमएसची पट्टी उतरते. इथे थांबा आणि डोळे फाडून पाहा. पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर आहे. बँकेचा एसएमएस अशा नंबरावरून येत नाही. तो अक्षरांच्या नावाने येतो आणि अलीकडे त्या नावापुढे -S किंवा -T असे अक्षर असते. मजकुरात खाते क्रमांकाचे शेवटचे आकडेही नाहीत, नुसत्या फुल्या आहेत, कारण भामट्याला ते आकडे ठाऊकच नव्हते. हे सगळे तिसऱ्या रकान्यात जसेच्या तसे उतरवायचे, स्पेलिंगच्या चुकांसकट. चुका दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. त्या चुका याच भामट्याच्या दुसऱ्या एसएमएसशी जुळू शकतात.

३:१० ला, म्हणजे १:१५:३२ ला, व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे परत पाठवण्यासाठी यूपीआय आयडी येतो. तो अक्षर न अक्षर उतरवायचा. ४:०२ ला बाई तो आयडी पेमेंट अ‍ॅपमध्ये घालतात आणि १:१६:२४ ला पडद्यावर खातेदाराचे नाव उमटते. फोनवरच्या माणसाने सांगितलेले नाव एक आणि पडद्यावरचे नाव भलतेच! हे दुसरे नाव बहुधा भाड्याने दिलेल्या खात्याचे असते. चार-दोन हजारांसाठी स्वतःचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या माणसाचे ते नाव. तपासाचे पहिले दार तिथेच उघडते. ४:३१ ला रक्कम देण्याचे बटण दाबले जाते. बोट चित्रफितीत दिसत नाही, कारण स्पर्श दाखवण्याची सोय फोनमध्ये बंद होती. म्हणून ‘बाईंनी बटण दाबले’ असे न लिहिता ‘बटणाचा पडदा जाऊन पुढचा पडदा आला’ असे लिहायचे. फरक बारीक वाटेल, पण साक्षीपुराव्यात असल्या बारकाव्यांवरच माणसे हरतात.

आणि मग ४:३३ ते ४:४९, पूर्ण सोळा सेकंद, पडदा काळा.

हा काळा तुकडा पाहिला की ठाण्यात हमखास सूर निघतो, ‘रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी खोडलंय.’ काहीही खोडलेले नाही. पिन टाकण्याचा पडदा रेकॉर्ड होऊ नये अशी तजवीज अ‍ॅपमध्येच केलेली असते, आणि म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तिथे काळोख येतो. यादीत स्वच्छ लिहावे: ‘१६ सेकंद काळा पडदा, रक्कम देण्याच्या बटणानंतर लगेच आणि व्यवहार पूर्ण झाल्याच्या पडद्याच्या आधी, हा पिनचा पडदा असल्याचे अनुमान.’ अनुमानाला अनुमान म्हणावे. ४:५५ ला, म्हणजे १:१७:१७ ला, १५,००० रुपये गेल्याची हिरवी खूण येते. दुजोऱ्याच्या रकान्यात अ‍ॅपच्या इतिहासातला बारा आकडी यूटीआर क्रमांक घालावा. अ‍ॅपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक वेगळा असतो, त्यात बहुधा अक्षरेही असतात. लोक घाईघाईत तो देतात आणि बँक म्हणते, ‘असा व्यवहार सापडत नाही.’ बारा आकडे दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने ताडून लिहावेत.

आता ५:०३ पाहा. १:१७:२५ ला वरून आणखी एक पट्टी येते. हा एसएमएस खरा, बँकेचा, अक्षरी नावाचा: १५,००० खर्ची, शिल्लक १६,२००. बाईंच्या खात्यात सकाळी ३१,२०० होते. खरोखर ३०,००० जमा झाले असते, तर शिल्लक ४६,२०० दिसायला हवी होती. म्हणजे खोटे उघडे पाडणारा पुरावा खुद्द बँकेनेच त्यांच्या पडद्यावर पाठवला होता! पण पट्टी पाच सेकंदांत नाहीशी झाली. कानाशी तो माणूस सारखा बोलत होता आणि बाईंची नजर त्याच्या पुढच्या मेसेजवर होती. फोनवरून उसंतच मिळू न देण्यामागचा डाव हाच असतो. ७:५० ला, १:२०:१२ वाजता, दुसऱ्या यूपीआय आयडीवर १२,००० गेले. ८:४० च्या सुमारास आणखी तीन हजारांची मागणी आली तेव्हा बाईंना संशय आला आणि त्या शिल्लक पाहायला गेल्या. १०:१२ ला पलीकडच्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचे दोन्ही आयडी पुसून टाकले. आता त्या गप्पांमध्ये पुसल्याच्या खुणांखेरीज काही नाही. त्याने ते आयडी पाठवले होते, याचा डोळ्यांनी पाहण्यासारखा पुरावा फक्त या चित्रफितीत उरला आहे.

हे सगळे सांगितले ते एका गोष्टीसाठी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गाभा क्रमात आहे: आधी खोटे बोलून भुलवणे आणि त्या भुलीपोटी समोरच्याने मालमत्ता हवाली करणे. यादीत १:१४:२७ ला खोटा एसएमएस आहे आणि १:१७:१७ ला पैसे गेले आहेत. खोटे आधी, पैसे नंतर, आणि मध्ये तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ. कलमातला क्रम पडद्यावर जसाच्या तसा उभा आहे. ‘स्वतः पिन टाकला’ हे वाक्य गुन्हा नाकारणारे आहे, असे ज्याला वाटते त्याने कलम वाचलेले नाही. फसवणुकीत माणूस स्वतःच्याच हाताने देतो. हिसकावून घेतले असते तर ती जबरी चोरी झाली असती! संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत. हा दखलपात्र गुन्हा आहे, कोणाच्या मेहेरबानीचा विषय नव्हे.

म्हणूनच आम्ही फिर्यादींनाही कळकळीने सांगतो की यादीतून स्वतःचे काहीही गाळू नका. पिन मीच टाकला, दुसऱ्यांदाही मीच पाठवले, शिल्लक न पाहता पाठवले, हे सगळे लिहा. पुष्कळ जण लाजेपोटी ‘आपोआप पैसे कापले गेले’ असे लिहून देतात. बँकेच्या नोंदीत पिनचा व्यवहार निघतो, तक्रार खोटी ठरते आणि खरा गुन्हेगार सुटतो. तुमची कृती लपवल्याने तुमचे काहीही वाचत नाही. वाचतो तो चोर.

आणि ही लाज तुमच्या पदरात कोणी बांधली? या समाजाने! फसलेल्याला आपण सर्रास ‘लोभी’ म्हणतो. या यादीत लोभ कुठे आहे ते कोणीही बोट ठेवून दाखवावे. ती बाई काय करत होती? दुसऱ्याचा पैसा आपल्या घरात राहू नये म्हणून, कोणाच्या आईचे औषध अडू नये म्हणून, धावतपळत तो परत करत होती. तिचा प्रामाणिकपणा हेच या भामट्यांचे हत्यार आहे. पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना शिकवले की चुकून आलेले चार आणेसुद्धा परत करावेत. ते पाळणाऱ्या बाईला ठाण्यातला हवालदार हसतो, बँकेतला बाबू हसतो, शेजारीण हसते, आणि घरात नवरा म्हणतो, ‘तुला अक्कल नाही.’ चोराबद्दल मात्र कौतुकाने बोलले जाते, ‘काय डोकं लढवलंय बघा!’ धिक्कार असो या कौतुकाचा! जिथे प्रामाणिक माणसाची मान खाली जाते आणि ठगाच्या डोक्याची वाहवा होते, तिथे तक्रार नोंदवायला पुढे कोण येईल?

आता मूळ फाइलीचा प्रश्न. ही चित्रफीत नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. तिथे व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते आणि अक्षरे फुटतात. त्याहून वाईट म्हणजे ती मूळ फाइल राहत नाही. शिवाय तिच्यात तुमची शिल्लक आणि इतरांचे मेसेजही असतात. केबल लावून किंवा पेनड्राइव्हवर प्रत घ्यावी. कडा कापू नयेत, सुरुवातीचा ‘निरुपयोगी’ भागही काढू नये, नाव बदलू नये. त्याच दिवशी फाइलीचा हॅश काढून ठेवावा. हॅश म्हणजे फाइलीच्या एकूण मजकुरातून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची लांब ओळ. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ती ओळ पार बदलते. विंडोजच्या संगणकावर फाइल असलेल्या फोल्डरमध्ये ही आज्ञा द्यावी, फक्त नाव आपल्या फाइलीचे घालावे:

```
certutil -hashfile recording.mp4 SHA256
```

चौसष्ट अक्षरांची जी ओळ येईल, ती यादीच्या माथ्यावर तारीख-वेळेसह लिहावी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही हॅशचा रकाना आहे. त्या प्रमाणपत्राचा पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. इथे ठाण्यांमध्ये चालणाऱ्या एका अन्यायाची गाठ सोडवली पाहिजे. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग तक्रार घेऊ’ असे सांगून माणसे परत पाठवली जातात. प्रमाणपत्र हा न्यायालयात पुरावा दाखल करण्याचा विषय आहे, तक्रार नोंदवण्याची ती अट नाही. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब बद्दल, प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. त्याचबरोबर मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः हजर केले तर त्याची गरज नाही, आणि खटला चालू असताना ते नंतरही देता येऊ शकते, हेही सांगितले. म्हणून फोन विकू नका आणि घाबरून फॅक्टरी रीसेटही करू नका. तो खोटा एसएमएस त्या फोनमध्येच आहे. महाराष्ट्राच्याच मातीतून उगवलेला हा निकाल महाराष्ट्राच्याच ठाण्यांना वाचून दाखवावा लागतो, याची गृहखात्याला शरम वाटली पाहिजे.

क्रमाबद्दल एक ताकीद. यादी करत बसून वेळ घालवू नका. पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन १९३० ला, किंवा cybercrime.gov.in वर नोंद. तेव्हा रक्कम, वेळ, यूटीआर आणि आपली बँक, एवढे सांगितले तरी पुरते. पहिल्या खात्यातून पैसे दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उडण्याआधी ते गोठवता येतात की नाही, हे मिनिटांवर ठरते. बाईंचे रेकॉर्डिंग १:२४:०२ ला संपते. तोवर पहिले पैसे जाऊन सात मिनिटेही झालेली नव्हती. हा हिशेबदेखील यादीनेच दिला, आणि बँकेला जाब विचारायला तोच लागतो. लेखी यादी रात्री शांतपणे करावी.

बँकेबद्दल खरे तेच बोलू. अनधिकृत व्यवहारांतली ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढले. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्यात बँकेवर टाकला होता. पण आपल्या प्रकरणातला व्यवहार ग्राहकाने पिन टाकून केलेला, त्याला बँक अनधिकृत मानणार नाही, आणि त्या परिपत्रकाच्या बळावर सगळे पैसे परत मिळतील अशी खोटी आशा आम्ही कोणाला दाखवणार नाही. मात्र दोन प्रश्न बँकेला चुकवता येणार नाहीत. तक्रार तुमच्यापर्यंत किती वाजून किती मिनिटांनी पोहोचली आणि पैसे गेले ते खाते किती वाजता गोठवले गेले? आणि ज्या बँकेत ते भाड्याचे खाते होते, तिने ते कोणाची कोणती ओळख पाहून उघडले? या प्रश्नांची उत्तरे मिनिटांच्या आकड्यांत द्यावी लागतील, आणि आपल्याकडे मिनिटांचा आकडा असेल तरच ती मागता येतील. ‘तुमची तक्रार विचाराधीन आहे’ असल्या गुळगुळीत पत्रांना यादीतल्या १:१७:१७ शिवाय दुसरे उत्तर नाही.

चित्रफितीला जे जमत नाही, तेही यादीच्या शेवटी लिहिले पाहिजे. साध्या फोन कॉलचा आवाज स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सहसा येत नाही. वरच्या पट्टीत कॉल चालू असल्याची हिरवी खूण तेवढी दिसते. त्याचा दुजोरा कॉलच्या नोंदीतून घ्यावा, आणि बोलणे आठवणीच्या कागदावर लिहावे. फोनवरचा माणूस कोण, हे चित्रफीत सांगत नाही. पडद्यावरचे नाव खातेदाराचे, सूत्रधाराचे असेलच असे नाही, म्हणून ‘अमुक नावाच्या इसमाने मला फसवले’ असे लिहू नये. ‘अमुक नाव दाखवणाऱ्या खात्यात रक्कम गेली’ असे लिहावे. बँकेच्या उताऱ्यातली वेळ आपल्या वेळेपेक्षा काही सेकंद पुढेमागे निघेल. ती ओढूनताणून जुळवू नये. दोन्ही वेळा शेजारी शेजारी द्याव्यात. फोनचे घड्याळ वेगळे, बँकेच्या यंत्राचे वेगळे, हे कोणत्याही न्यायाधीशाला कळते. ओढूनताणून जुळवलेले मात्र त्याच्या नजरेला लगेच खटकते.

इतके काम एकट्या बाईंनी, डबे भरून झाल्यावर, रात्री करायचे का? आजवर तिने ते केले नाही म्हणून तिला दोष दिला गेला. आमची मागणी सरळ आहे. पोलीस ठाण्यात सायबर तक्रार घेणाऱ्या टेबलावर मोठा पडदा असलेला संगणक ठेवा आणि चौकट-चौकट पाहता येईल असा प्लेअर त्यात घाला. तो वापरायला शिकलेला एक कर्मचारी प्रत्येक पाळीला तिथे असू द्या. फिर्यादीशेजारी बसून त्याने ही चार रकान्यांची यादी करावी, हॅश काढावा आणि खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही लागत नाही. लागते ती इच्छा, आणि आजवर दुष्काळ पडलाय तो तिचाच! तोवर गावागावांतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, बचत गटांनी आणि ग्रंथालयांनी आपल्यातल्या एकेका माणसाला हे काम शिकवून तयार ठेवावे. बारावी झालेल्या कोणत्याही मुलीला ते दोन दुपारींत येईल.

आणि गृहखात्याला आमचे सांगणे असे, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे, मग गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तरी चालते, तीन दिवसांत सही केली की झाले. नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाणे नोंद घेत नसेल तर तेच कलम पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट देते. या कलमाखाली खात्याने एक लेखी आदेश काढावा: ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसोबत स्क्रीन रेकॉर्डिंग आले असेल, तर ते पूर्ण पाहिल्याची वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव फिर्यादीत नोंदवले जाईल, टप्प्यांची यादी फिर्यादीला जोडली जाईल, आणि ‘फिर्यादीने स्वतः पिन टाकला’ हे वाक्य त्याआधीच्या प्रत्येक टप्प्याची नोंद केल्याशिवाय कोणताही अधिकारी लिहिणार नाही. आदेश निघाला की त्याची प्रत प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावावी, तक्रार द्यायला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.